एकतीस मार्चला कुणाला काय माहीत होतं

मी सोलापुरात बरीच वर्षं ऑडिट करते आणि इतक्या वर्षांत मी एकही चोर पकडलेला नाही. नातेवाइकांना याचं फार वाईट वाटतं. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "मग काय, यंदा किती घोटाळे काढले?" मी सांगते, की आमची भांडणं त्याहून साधी असतात. एखादी गोष्ट झालेली आहे की व्हायची आहे, खर्च या वर्षाचा की पुढच्या, एवढंच. एवढ्यावरून शिकली-सवरलेली माणसं टेबलावर हात आपटताना मी पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे हात माझे होते.

त्या वर्षीचं भांडण अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याचं होतं. कंपनी इथलीच. शेअर बाजारात नव्हती, पण पसारा मोठा, म्हणून मोठ्या कंपन्यांचे हिशेबी नियम तिला लागू होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्या अर्थप्रमुखांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. बाहेर ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नव्हती. त्यांनी थंडगार ताक मागवलं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी अवघड मागणं आहे.

त्यांना दोन तरतुदी करायच्या होत्या. तरतूद म्हणजे पुढे द्यावे लागणारे पैसे आजच खर्च म्हणून दाखवणं. पण ते वाटेल तेव्हा दाखवता येत नाहीत. एकतीस मार्चला, वर्ष संपताना, तुम्ही खरोखर बांधले गेलेले असलात तरच. पुढे तोटा होईल अशी धास्ती वाटते, एवढ्यावर भागत नाही.

पहिली तरतूद परदेशातल्या एका हॉटेल-पुरवठादाराच्या ऑर्डरची. दिवाळीच्या सुमारास भाव पक्का करून सह्या झाल्या होत्या, नंतर सूत महागलं आणि आता प्रत्येक टॉवेलमागे कंपनीचं नुकसान होतं. करारातून सुटायचं तर दंड. इथे बंधन होतं, वादच नव्हता. सही मार्चच्या आधीची, सुटका नाही. वाद रकमेचा होता. त्यांनी अख्खा दंड धरला होता आणि वर त्या कारखान्याचा येत्या वर्षाचा सगळा तोटाही चढवला होता. मी म्हटलं, येत्या वर्षाचा तोटा येत्या वर्षात दाखवा. आणि ऑर्डर पुरी करण्यातला तोटा दंडापेक्षा कमी असेल तर तोच धरायचा; दोहोंतलं कमी तेवढंच टाळता न येणारं. त्यातही, या ऑर्डरसाठी बाजूला ठेवलेल्या सुताची किंमत आधी उतरवायची, मग उरेल ती तरतूद. अर्थप्रमुखांनी थोडी कुरकुर केली आणि मानलं. तोटा दंडाच्या निम्म्यावर आला.

"आता दुसरी," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

कारखाना बंद करायचा ठरलं होतं. परराज्यात कंपनीनं नवा कारखाना उभा केला होता, तिथे सगळं न्यायचं. मार्चच्या मध्याला संचालक मंडळाचा ठराव झालेला. कुठलं खातं कधी थांबवायचं, किती जणांना किती भरपाई द्यायची, सगळा आराखडा तयार. नोटिशीचा पगार, भरपाई, ठेकेदारांचे करार मोडण्याचे पैसे मिळून मोठी रक्कम होत होती. ती त्यांना याच वर्षात दाखवायची होती, कारण याच वर्षी शहरातली जुनी जागा विकून कंपनीला घसघशीत नफा झाला होता. त्या नफ्याच्या पोटात हा खर्च ढकलला की कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही आणि पुढचं वर्ष कोरं करकरीत.

मी विचारलं, "कामगारांना सांगितलं?"

हा प्रश्न मी दयेपोटी विचारला नव्हता, नियमच तसा आहे. बंद खोलीत आई-बापांनी मुलीचं ठरलेलं लग्न मोडायचं ठरवलं तर तेवढ्यानं ते मोडत नाही. सकाळी दोघांचं मन बदलू शकतं. मुलाकडे निरोप गेला की मोडलं. संचालकांचंही तसंच. ठराव त्यांचा त्यांच्यात असतो, तो ते फिरवू शकतात. ज्यांच्यावर कुऱ्हाड पडणार त्यांना सांगितलं, किंवा त्यांच्या डोळ्यांदेखत बंद करायला सुरुवात केली, की मग माघार नाही. तेव्हा बंधन उभं राहतं. आणि ते एकतीस मार्चच्या आत उभं राहिलेलं हवं.

"पंचवीस मार्चला सांगितलं," ते म्हणाले. त्यांनी कामगार अधिकाऱ्यांना बोलावलं. ते बैठकीचं इतिवृत्त घेऊन आले. खाली शिलाईखात्याच्या आणि मागखात्याच्या प्रतिनिधींच्या सह्या होत्या. कागद अगदी नीट होता. इतका नीट कागद पाहिला की माझ्या मनात पाल चुकचुकते, हा माझा स्वभाव आहे आणि घरीही त्यावरून मी बोलणी खाते.

आता पंचाईत अशी, की खात्री करायची तर कामगारांनाच विचारायला हवं. आणि समजा कागद खोटा असला, त्यांना काहीच माहीत नसलं, तर कारखाना बंद होणार ही बातमी पहिल्यांदा फोडणारी मीच. अशिलाची माहिती बाहेर सांगणं आमच्या धंद्यात गुन्हा आहे. सनद जाऊ शकते. म्हणून मी काहीच न विचारता नुसतं कारखान्यात फिरायचं ठरवलं. काम सुटणार हे माहीत असलेल्या माणसांच्या वागण्यात ते दिसतंच, असा माझा हिशेब होता.

मागखात्यात एवढा आवाज की कुणाच्या वागण्यातलं काही कळावं अशी सोय नाही. शिलाईखातं शांत. तिथे टॉवेलच्या कडा शिवतात, धागे कापतात, डाग बघतात. सगळ्या बायका. मी आत शिरले तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि पेढे वाटणं चाललं होतं. वाटणारी बाई पन्नाशीची, ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू. तिला सगळ्या मावशी म्हणत होत्या. मोडनिंबकडची माहेरवाशीण, लग्नानंतर इथे आली आणि तेव्हापासून याच खात्यात, असं तिनंच पुढच्या दोन मिनिटांत सांगून टाकलं.

"घ्या की ताई. भिशी चालू झाली आमची."

मी पेढा घेतला. "किती जणींची?"

"ईस जनींची. ईस म्हैनं. पगाराला पैसं काडायचं, येकीनं उचलायचं. पयला नंबर मला दिला समद्यांनी. चिट्टी काडलीच न्हाय."

"का बरं?"

"कुंभारीला घर घेतलंय ताई. दोन खोल्या. शेवटचा हप्ता ऱ्हायलाय, त्यो आकितीला द्यायचा, मग चावी. ह्या म्हनल्या, मावशी, तूच घे आदी. पयला नंबर घेनाऱ्याला लई जोखीम असती बगा. पैसं हातात आलं तरी समद्यांचं फिटंस्तवर भरायचं. पर नोकरी हाय, मग कसली जोखीम?" ती हसली. मग शेजारी बसलेल्या उंच बाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ही आमची प्रतिनिदी. हिनं धावा नंबर मागून घेतलाय. पुडच्या जानेवारीत लेकीचं लगीन काडनार म्हनती, गड्ड्याच्या जत्रंनंतर."

उंच बाईच्या साडीला कंपनीचा बिल्ला लावलेला होता आणि त्यावर नाव होतं. तेच नाव मी अर्ध्या तासापूर्वी इतिवृत्ताखाली वाचलं होतं.

मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. पंचवीस मार्चला कारखाना बंद होणार हे कळलेली बाई एप्रिलमध्ये वीस महिन्यांच्या भिशीत पैसे घालत नाही, दहावा नंबर तर मागतच नाही. आमच्या भाषेत हा पुरावा होता, आणि चांगला पुरावा होता. तो त्यांच्या आनंदातून मिळाला होता, हे मला त्या क्षणी अगदी लख्ख जाणवलं आणि मला शिसारी आली. स्वतःची की कंपनीची, ते ठरवत बसले नाही.

केबिनमध्ये परतल्यावर मी कामगार अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं, की ही बैठक खरंच झाली होती का. बायकांचं नाव घेतलं नाही, भिशीचा तर उच्चारही नाही. नंतर त्या उंच बाईला कुणी धारेवर धरलेलं मला चाललं नसतं. म्हटलं, "मी खात्यातून फिरून आले. तिथे कुणाला काही माहीत नाही. तुम्ही दुसऱ्यांदा हो म्हणण्याआधी विचार करा, कारण ते मला लेखी लागेल."

ते अर्थप्रमुखांकडे पाहू लागले. अर्थप्रमुख खिडकीबाहेर पाहू लागले. मग अधिकारी हळूच म्हणाले, "सह्या दोन एप्रिलला घेतल्या, मॅडम. हजेरीचा कागद म्हणून. त्यांनी वरचं वाचलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शिपाई दाराबाहेर येऊन उभा राहिला होता एवढं आठवतं. अर्थप्रमुख मला शांत करत राहिले. "मॅडम, आठवड्याचा तर फरक आहे. बंद तर करायचंच आहे. कुणाचा एक रुपयाही कमी होणार नाही. आज दाखवला काय, उद्या दाखवला काय?"

"आज बंधन नाही," मी म्हटलं. "तुम्ही त्या लोकांना काहीही सांगितलेलं नाही. तुम्ही उद्या ठराव फाडून टाकू शकता."

"आम्ही फाडणार नाही."

"ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना नाही."

दुसरी तरतूद हिशेबातून निघाली. खोट्या तारखेच्या कागदाबद्दल मी संचालकांच्या लेखापरीक्षण समितीला लेखी कळवलं. तिथे थोडी खळबळ झाली, अधिकाऱ्यांना समज देण्यात आली, विषय संपला. माग बंद होणार म्हणून त्यांची किंमत मात्र याच वर्षी तपासावी लागली, उरलेलं आयुष्य कमी धरावं लागलं. यंत्रांच्या बाबतीत मालकांचा नुसता बेतसुद्धा पुरेसा धरतात. बायकांच्या बाबतीत धरत नाहीत. मी हे अर्थप्रमुखांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "नियम तुमचेच आहेत, मॅडम."

मग मी जे करता येण्यासारखं होतं ते करून पाहिलं. म्हटलं, आता जाहीर करा. हिशेबावर सह्या होण्याआधी जाहीर झालं तर वर्षाअखेरीनंतरची घटना म्हणून हिशेबाखालच्या टिपेत येईल, कंपनीचंही स्वच्छ राहील आणि लोकांना सावरायला वेळ मिळेल. माझ्या डोक्यात अक्षय्य तृतीया होती. आकितीच्या आत नोटीस लागली असती तर मावशीनं शेवटचा हप्ता दिला नसता, भिशीचे पैसे परत करून टाकले असते, घराचं पुढे बघितलं असतं.

अर्थप्रमुख हसले. दुष्टपणे नाही, थकल्यासारखे. "आता कशाला? या वर्षात तरतूद बसत असती तर आम्ही धावत जाऊन सांगितलं असतं. ती तुम्ही काढलीत. आता घाई काय? शिवाय ती परदेशी ऑर्डर. दंडापेक्षा पुरी करणं स्वस्त, हे तुम्हीच दाखवलंत. पुरी करायची तर शिलाईखातं पाहिजे. आज सांगितलं तर उद्या निम्म्या बायका दुसरीकडे जातील. ऑर्डर गेली की सांगू. ऑगस्टमध्ये."

माझे दोन्ही निर्णय बरोबर होते. आजही कुणी ते फाइलमधून काढून तपासले तर त्यात चूक सापडणार नाही. आणि त्या दोन बरोबर निर्णयांनी मिळून कंपनीला गप्प बसायचं कारण दिलं होतं. या कामात मी पुष्कळदा हरले आहे, पण बरोबर असून इतकी कधी हरले नव्हते.

आकितीच्या आदल्या दिवशी मी त्या ऑर्डरचं सूत बघायला गोदामात गेले होते. परत निघताना पाळी सुटली. मावशी फाटकाशी भेटली, माझी वाटच बघत असल्यासारखी.

"ताई, येक इचारू?"

मला कळलं ती काय विचारणार.

"उद्या पैसं द्यायचं हायत. घराचा मालक म्हनतो, येकदा दिलं की परत न्हाय. आमचं हे म्हनालं, इचार कर. तुमी हिशेबाच्या बाई. मिल बरी चाललीया न्हवं?"

फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर पडत होता. त्या आमच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या, कुणी मावशीला हाक मारत होत्या. मी म्हटलं, "मावशी, कंपनीबद्दल मला काहीच बोलता येत नाही. चांगलं नाही आणि वाईटही नाही. आमच्या कामाचा नियम आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी माझ्या चपलांकडे.

"पण घराचे पैसे देताना कुणीही दोनदा विचार करावा," मी पुढे म्हटलं. याहून एक शब्द जास्त बोलले असते तर नियम मोडला असता, आणि हेसुद्धा जरा जास्तच होतं.

"चार वर्सं इचारच करतीया की," ती म्हणाली आणि हसली. "असू द्या. नियम त्यो नियम. तुमच्यासारक्या बाया येऊन हिशेब बगतात, म्हंजे समदं सरळच असनार. मी म्हनलं ह्यास्नी, आडिट हुतंय तितं काय काळजी?"

तिला सांगायला हवं होतं, की ऑडिट म्हणजे कारखाना टिकणार याची हमी नसते. हिशेब सरळ असतो आणि तरी सगळं बुडतं. पण एवढं बोललं तरी तिला कळलं असतं. ती बायकांत मिसळून गेली. मी गाडीत बसले, दार लावलं आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. हात दोन दिवस दुखत होता.

ऑगस्टमध्ये ऑर्डर गेली आणि नोटीस लागली. मी तिथे नव्हते. एका ओळखीच्या ठेकेदाराकडून कळलं, की मागखात्यात आरडाओरडा झाला, शिलाईखात्यातल्या बायका मात्र बराच वेळ आपापल्या मशीनवर बसून होत्या.

पुढच्या एप्रिलमध्ये मी पुन्हा त्याच कामावर. कारखान्यातले माग उचलून नेले होते, जमिनीवर त्यांचे चौकोनी डाग राहिले होते. बहुतेकांचा हिशेब चुकता झाला होता. काही जणींच्या नोकरीच्या वर्षांबद्दल वाद होता म्हणून त्यांची भरपाई अडकलेली, आणि तेवढ्याची तरतूद पुस्तकात होती. या खेपेला शंका घ्यायला जागा नव्हती. सगळ्यांना सांगितलेलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. बंधन असं भक्कम, की कुठलाही ऑडिटर डोळे झाकून सही करील. अर्थप्रमुख म्हणाले, "यंदा तरी तुमचं समाधान झालं ना?" मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

त्याच दिवशी अडकलेल्यांपैकी काही जणींचे चेक वाटले जात होते. बाहेरच्या बाकावर मावशी बसली होती. वाळली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"घर?" मी विचारलं.

"हाय की. ऱ्हातो तितंच. हे सिक्युरिटीला जात्यात, मी विड्या वळायला शिकली. या वयात बोटं वळत न्हाईत."

"आणि भिशी?"

"चालू हाय. जिचा नंबर तिच्या घरी निऊन देते. सगळ्याच काय आता भरत न्हाईत, मी कुनाला म्हनत न्हाय. माजं मला भरायलाच पायजे, पयलं मीच उचललंय." मग तिनं विचारलं, "ताई, तवा तुमाला ठावं हुतं?"

"हो," मी म्हटलं.

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती गेली, अंगठ्याला शाई लावून आली आणि चेक दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, हा चेक वटेल. याची काळजी करू नका. मी सांगते ना."

तिनं चेककडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय," ती म्हणाली, आणि बाकावरच्या बाईला म्हणाली, "चल गं, आदी ब्यांकेत जाऊन इचारून येऊ."